बेडशीट-टॉवेलचं लेबल: फोटोवरून दावे कसे ताडून पाहावेत

समजा, ऑनलाइन खरेदीच्या पानावर एका डबल बेडशीटचा फोटो आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘४०० टीसी’, त्याखाली ‘ग्लेस कॉटन’. कोपऱ्यात माप: ९० × १०० इंच, सोबत दोन उशांचे अभ्रे. आणखी खाली, तपशिलाच्या यादीत, वजन ६२० ग्रॅम. किंमत ५९९ रुपये. हात लावून बघायची सोय नाही, दुकानदाराला विचारायची सोय नाही. तरीही एवढ्या माहितीवरून हे बेडशीट काय असू शकतं आणि काय असूच शकत नाही, हे बऱ्यापैकी कळतं. कारण धाग्यांची संख्या, कापडाचं वजन आणि सुताची जाडी हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. दोन कळले की तिसरा हिशेबाने निघतो, आणि निघालेला आकडा अशक्य असेल तर आधीच्या दोनांपैकी एक खोटा असतो.

आधी कोणतं लेबल बघता आहात ते ठरवा

एका बेडशीटवर तीन जागी मजकूर असतो. पहिला पाकिटातल्या रंगीत कार्डावर किंवा फोटोवर छापलेल्या पट्टीवर, ही जाहिरात. दुसरा एमआरपीच्या स्टिकरवर. त्यावर उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत, नगांची संख्या आणि शिवून तयार झालेल्या वस्तूचं माप असायला हवं. पाकीटबंद मालासाठीच्या २०११ च्या वजनमाप नियमांनुसार हे छापणं बंधनकारक आहे. तिसरा मजकूर शिलाईत बसवलेल्या छोट्या कापडी पट्टीवर, जिथे धुण्याच्या खुणा आणि धाग्याचं प्रमाण असतं.

भरवसा ठेवायचा तो खालून वर. कापडी पट्टीवर ‘१००% पॉलिएस्टर’ आणि कार्डावर ‘कॉटन फील’ असेल, तर ते बेडशीट पॉलिएस्टरचं आहे, विषय संपला. म्हणून विक्रेत्याने फक्त कार्डाचा फोटो दिला असेल तर कापडी पट्टीचा, दोन्ही बाजूंचा, आणि स्टिकरचा फोटो मागा.

फोटो मोठा करून वाचताना दोन ठिकाणी नवखे लोक हमखास फसतात. एक म्हणजे ‘जीएम’ आणि ‘जीएसएम’. ‘५०० जीएम’ म्हणजे त्या वस्तूचं वजन ५०० ग्रॅम. ‘५०० जीएसएम’ म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ५०० ग्रॅम. टॉवेलच्या कार्डावर मधलं अक्षर पुसट असेल तर अंदाज बांधू नका.

दुसरी जागा ‘टीसी’. बेडशीटच्या जाहिरातीत टीसी म्हणजे थ्रेड काउंट. पण कापड बाजारात टीसी म्हणजे टेरिकॉटन, अर्थात पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण. हॉस्पिटल-हॉस्टेलला माल पुरवणाऱ्यांच्या यादीत ‘टीसी बेडशीट’ लिहिलेलं असतं ते या अर्थाने. टीसीच्या आधी आकडा असेल (‘२१० टीसी’) तर धाग्यांची संख्या; पुढे दोन आकड्यांचं प्रमाण असेल (‘टीसी ६५/३५’) तर मिश्रण. नुसतं ‘टीसी कॉटन’ लिहिलं असेल तर ते मिश्रणच समजून चाला.

धाग्यांची संख्या म्हणजे नेमकं काय मोजलेलं

कापडाच्या एका चौरस इंचात जितके उभे धागे आणि जितके आडवे धागे, त्यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. इंचाला ११० उभे आणि ९० आडवे असतील तर २०० टीसी. इचलकरंजीकडच्या यंत्रमागाच्या व्यवहारात हेच ‘रीड-पीक’ म्हणून लिहितात: ४०×४० / १००×८०. यातले पहिले दोन आकडे उभ्या-आडव्या सुताचे काउंट, नंतरचे दोन इंचातल्या धाग्यांची संख्या. म्हणजे या कापडाचा टीसी १८०. घाऊक विक्रेत्याच्या लेबलवर असं काही छापलेलं दिसलं तर समाधान माना, कारण त्यात लपवायला फारसं काही उरत नाही.

सुताचा काउंट हा आकडा उलटा चालतो: जितका मोठा तितका धागा बारीक. ८४० यार्ड सूत एक पौंड भरलं तर त्याचा काउंट १. त्याच वजनात चाळीसपट लांब सूत निघालं तर काउंट ४०. घरगुती सुती बेडशीटांत ३० आणि ४० काउंट सर्रास, चांगल्या हॉटेलच्या ३०० टीसी बेडशीटमध्ये ६०, आणि ८० ते १०० म्हणजे लांब धाग्याच्या कापसापासून काढलेलं महागडं सूत. त्यापलीकडचं सूत असतं, पण ते ५९९ रुपयांच्या सेटमध्ये येत नाही.

मुख्य हिशेब

पायरी पहिली: कापडाचं क्षेत्रफळ काढा. इंचाला ०.०२५४ ने गुणलं की मीटर होतात. आपल्या उदाहरणातलं बेडशीट २.२९ × २.५४ मीटर, म्हणजे सुमारे ५.८ चौरस मीटर. १७ × २७ इंचाच्या अभ्र्याला दोन्ही बाजू आणि आतली घडी धरून साधारण ०.६५ चौरस मीटर कापड लागतं, दोनांचं १.३. एकूण ७.१ चौरस मीटर.

पायरी दुसरी: वजनाला क्षेत्रफळाने भागा. ६२० भागिले ७.१ म्हणजे ८७. हा कापडाचा खरा जीएसएम, तोही फार फार तर. कारण पानावर दिलेल्या वजनात बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पिशवी आणि आतला पुठ्ठाही धरलेला असतो.

पायरी तिसरी: टीसीला २४ ने गुणा आणि जीएसएमने भागा. जो आकडा येईल तो सुताचा सरासरी काउंट. इथे ४०० गुणिले २४ म्हणजे ९,६००, भागिले ८७, उत्तर ११०.

हा २४ कुठून आला तेही बघू, म्हणजे आकड्यावर आंधळा विश्वास ठेवायला नको. १ काउंटच्या एक मीटर सुताचं वजन ०.५९ ग्रॅम. इंचातले धागे मीटरमध्ये आणायला ३९.३७ ने गुणायचं. दोहोंचा गुणाकार सव्वातेवीस. धागा कापडात सरळ जात नाही, खालीवर नागमोडी जातो, म्हणून तो थोडा जास्त लागतो. त्यासाठी पाऊण वाढवून चोवीस.

आता ११० या उत्तराकडे या. दावा खरा असेल तर हे बेडशीट ११० काउंटच्या सुताचं असायला हवं, आणि असं सूत या किमतीत मिळत नाही. मग काय असेल? स्वस्त मायक्रोफायबर बेडशीट साधारण ८० ते १०० जीएसएमच्या घरात असतात आणि त्यांचा पॉलिएस्टर धागा बऱ्याचदा ७५ डेनिअर जाडीचा असतो, म्हणजे सुताच्या हिशेबात सुमारे ७० काउंट. तोच हिशेब उलटा लावा: ८७ गुणिले ७० भागिले २४, उत्तर सुमारे २५०. तेव्हा ‘४०० टीसी ग्लेस कॉटन’ म्हणजे बहुधा अडीचशेच्या आसपास धाग्यांचं पॉलिएस्टर. आकडा अदमासे आहे, पण दिशा पक्की आहे.

पटणारं उदाहरणही बघा, नाहीतर सगळंच खोटं वाटायला लागेल. हॉटेलला जाणारं एक ठरलेलं कापड असतं: ६०×६० / १७३×१२०, विकताना ‘३०० टीसी’. बेरीज २९३. गुणिले २४, भागिले ६०, म्हणजे ११७ जीएसएम. अशा कापडाचं ९० × १०८ इंचाचं (६.३ चौरस मीटर) बेडशीट अभ्र्यांशिवाय ७३०-७४० ग्रॅम भरायला हवं. लेबलवर ३०० टीसी आणि वजन या आसपास असेल, तर आकडे एकमेकांना धरून आहेत.

जे या हिशेबात सापडत नाही

एक चलाखी या गणितातून निसटते, म्हणून तिच्यावर वेगळं लक्ष ठेवायला हवं. दोन बारीक धागे एकत्र पिळून एक केलेला असतो, त्याला दुहेरी किंवा टू-प्लाय म्हणतात. इंचात असे २०० धागे असतील तर टीसी २००. काही जण पिळातला प्रत्येक धागा सुटा मोजून ४०० छापतात. ८० काउंटचे दोन धागे मिळून वजन ४० काउंटच्या एका धाग्याएवढंच होतं, त्यामुळे जीएसएम १२० येतो, आणि आपलं सूत्र ‘४०० टीसी, ८० काउंट’ असं अगदी पटण्याजोगं उत्तर देतं. धागे मोजण्याच्या अमेरिकी मानकात (एएसटीएम डी ३७७५) पिळलेला धागा एकच मोजायचा असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी २००५ मध्ये वस्त्रोद्योग संघटनेला लिहिलेल्या पत्रातही, प्लायने गुणून फुगवलेला आकडा ग्राहकाची दिशाभूल करू शकतो, असं मत दिलं होतं.

हे ओळखायला धागा हातात लागतो. बेडशीट घरी आल्यावर शिलाईच्या आतल्या कडेचा सुटा धागा काढा, दोन टोकं चिमटीत धरून पिळाच्या उलट फिरवा. एकेरी धागा उलगडला की तंतू मोकळे होऊन तुटतो. दुहेरी धागा उलगडला की दोन स्वतंत्र दोऱ्या समोर येतात.

‘१००० टीसी’ बघितलं की मात्र सूत्र पुन्हा कामाला येतं. १०० काउंटचं उत्तम सूत धरलं तरी १००० टीसीचं कापड २४० जीएसएम होईल. ९० × १०८ चं नुसतं बेडशीट दीड किलो. असं कापड विणतात, अनेक बारीक आडवे धागे एकत्र टाकून विणतात, पण ते जाड आणि जड असतं. ‘१००० टीसी’ आणि वजन ८०० ग्रॅम ही जोडी दिसली की पुढे वाचायची गरज नाही. उकाड्यात झोपायला तर मी स्वतः १८० ते ३०० टीसीचं साध्या विणीचं सुती बेडशीट निवडीन. कोकणात, मुंबईत हवा खेळणारं कापड हवं, घट्ट नको.

फोटोवरून धागे मोजायचे असतील तर

विक्रेता तयार असेल तर असा फोटो मागा: बेडशीटचा एकच पदर खिडकीच्या काचेवर, मागून उजेड, आणि कापडाला टेकवलेली स्टीलची पट्टी, जवळून. पट्टीवरचा एक सेंटीमीटर फोटोत पूर्ण आणि स्पष्ट दिसायला हवा. त्या एका सेंटीमीटरमधले उभे धागे मोजा, मग आडवे मोजा, बेरीज २.५४ ने गुणा. ४४ उभे आणि ३६ आडवे आले तर ८० गुणिले २.५४, म्हणजे २०३ टीसी. दोन वेगळ्या जागी मोजून बघा. दहा-बाराचा फरक चालतो.

सॅटिन विणीत हे अवघड जातं. त्यात एक धागा चारांवरून तरंगत जातो, त्यामुळे चकचकीत बाजूने जवळजवळ उभेच धागे दिसतात आणि आडवे झाकलेले राहतात. अशा वेळी मागच्या बाजूचाही फोटो लागतो. तोही पुरला नाही तर घरी आल्यावर शिलाईच्या आतल्या मोकळ्या कडेचे काही उभे धागे उसवा. आडव्या धाग्यांची झालर सुटी होते आणि पट्टी ठेवून मोजता येते.

टॉवेल: इथे टीसी विसरा

टॉवेलवर धाग्यांची संख्या छापलेली असली तरी तिला फारसा अर्थ नाही, कारण टॉवेलचं काम उभ्या राहिलेल्या फासांवर चालतं. इथे बघायचा तो जीएसएम, आणि तो तपासणं बेडशीटपेक्षा सोपं आहे. ७० × १४० सेंटीमीटरचा टॉवेल ०.९८ चौरस मीटर असतो, म्हणजे जवळपास एक. त्यामुळे या मापाच्या टॉवेलचं ग्रॅममधलं वजन म्हणजेच त्याचा जीएसएम. इतर मापांना भागाकार करावा लागतो. कार्डावर ‘५०० जीएसएम’, माप ७५ × १५०, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४२० ग्रॅम: ४२० भागिले १.१२५ म्हणजे ३७३. हा टॉवेल पाचशेचा नाही, पावणेचारशेचा आहे.

पाच टक्क्यांसाठी मात्र भांडू नका. टॉवेलच्या काठाला फासे नसतात, त्यामुळे पूर्ण टॉवेल तोलला की आकडा थोडा कमी येतो. शिवाय कापूस हवेतला ओलावा धरतो; जुलैतल्या रत्नागिरीत आणि मे महिन्यातल्या सोलापुरात तोच टॉवेल सारखा भरत नाही. तफावत दहा टक्क्यांच्या वर गेली तर बोलायला जागा आहे.

जास्त जीएसएम म्हणजे चांगला टॉवेल, हा समज सोडून द्या. ३०० ते ४०० हलका, ४०० ते ६०० मध्यम, त्यापुढे जड. सहाशेचा टॉवेल हातात घ्यायला छान, पण पावसाळ्यात दोरीवर दुसऱ्या दिवशीही दमट राहतो आणि मग वास धरतो. गॅलरीत किंवा आडोशाला कपडे वाळवणाऱ्या घराला ३५० ते ४५० पुरतो.

धाग्याच्या दाव्यात टॉवेलची एक खास पळवाट आहे: ‘१००% कॉटन पाइल’. पाइल म्हणजे फासे. फासे सुती आहेत एवढंच हे वाक्य सांगतं. ज्या पायाभूत विणीत ते अडकवलेले असतात तिच्यात पॉलिएस्टर असू शकतं. पूर्ण सुती टॉवेलवर नुसतं ‘१००% कॉटन’ लिहिलेलं असतं. आणि नवा टॉवेल मऊ लागतो म्हणून फसू नका. तो मऊपणा बऱ्याचदा वरून दिलेल्या सॉफ्टनरचा असतो आणि त्याने पाणीही कमी शोषलं जातं. दोन-तीनदा धुऊन मग पाण्याचा थेंब टाकून बघा.

‘सोलापुरी’ असा दावा असेल तर स्टिकरवरचा पत्ता वाचा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. माल सोलापूर भागात तयार झालेला असेल तरच ते नाव वापरता येतं. उत्पादकाचा पत्ता दुसऱ्याच राज्यातला असेल तर त्या नावाला आधार नाही.

धाग्याचे शब्द

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर. ‘ग्लेस कॉटन’, ‘कॉटन फील’, ‘कॉटन टच’ या नावांखाली मिळणारा माल बहुतेक वेळा पॉलिएस्टरच निघतो. ‘कॉटन ब्लेंड’ लिहून टक्के दिले नसतील तर टक्के मागा. ‘बांबू’ म्हणजे जवळपास नेहमी बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेला व्हिस्कोस. मऊ असतो, वाईट नसतो, पण त्यासाठी सुतापेक्षा जास्त दाम का मोजायचा, हे विचारायला हवं. सॅटिन, सटीन, पर्केल ही विणीची नावं आहेत. त्यांवरून धागा सुती की पॉलिएस्टर हे कळत नाही.

घरी आल्यावर सुताची खात्री करायला जाळून बघण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे. कडेचा एक-दोन इंचाचा धागा लोखंडी चिमट्यात धरा, खाली स्टीलच्या ताटलीत पाणी ठेवा आणि टोक ज्योतीला लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, राख करडी आणि बोटाने चुरडणारी. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं, आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी उरतो. राखेत मणी सापडला तर मिश्रण. उभा आणि आडवा, दोन्ही धागे जाळा. कित्येक बेडशीटांत एक सुती आणि दुसरा पॉलिएस्टरचा असतो. वितळलेला थेंब चटका देतो, म्हणून धागा हातात धरून हे करू नका. व्हिस्कोसही कागदासारखाच जळतो, त्यामुळे बांबू की सूत हे या परीक्षेने कळणार नाही.

‘इजिप्शियन कॉटन’सारखा कापसाच्या जातीचा दावा तर घरी तपासताच येत नाही. २०१६ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने वेलस्पन इंडियाशी व्यवहार थांबवला, कारण इजिप्शियन म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस वापरला गेल्याचं तिला आढळलं. एवढ्या मोठ्या खरेदीदारालाही ते कळायला दोन वर्षं लागली. तेव्हा हजार-दीड हजारांच्या सेटवर हा शब्द दिसला तर त्याची किंमत शून्य धरा आणि बाकीचे आकडे बघा.

विक्रेत्याला काय लिहायचं

ऑर्डर देण्याआधी प्रश्नाच्या चौकटीत एवढंच लिहा:

‘नमस्कार. या बेडशीटच्या शिलाईतल्या लेबलचा दोन्ही बाजूंचा आणि एमआरपी स्टिकरचा फोटो पाठवावा. पिशवीशिवाय नुसत्या बेडशीटचं वजन किती, सूत किती काउंटचं, आणि उभा व आडवा धागा दोन्ही शंभर टक्के सुती आहेत का, ते कळवावं.’

उत्तर लेखी ठेवा. पाकीट उघडताना स्टिकर आणि कापडी पट्टीचे फोटो काढा, धुण्याआधी वजन करा, कारण धुतलेला माल बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. लेबलवर एक आणि पानावर दुसरंच निघालं तर आधी परतीची विनंती टाका, कारणात ‘वर्णनाशी जुळत नाही’ निवडा आणि दोन्ही फोटो जोडा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीत पानाचा स्क्रीनशॉट, कापडी पट्टीचा फोटो आणि काट्यावरचं वजन या तीन गोष्टी द्या.